दुसऱ्याची प्रश्नावली आपल्या सर्वेक्षणात वापरताना: परवानगी, बदल आणि श्रेय

पदव्युत्तर अभ्यासक्रमातले बरेच विद्यार्थी प्रश्नावली शोधायला सुरुवात करतात ती ग्रंथालयात ठेवलेल्या जुन्या प्रबंधांपासून. विषय जुळतो, मागे परिशिष्टात तयार प्रश्न असतात, गाईडही म्हणतात, 'हीच घ्या, थोडी बदला.' पण त्या प्रबंधकर्त्यानेही ती कुठून तरी घेतलेली असते आणि त्या प्रवासात एखादा प्रश्न गळालेला असतो, पाच पर्यायांचे चार झालेले असतात, मूळ लेखकाचे नाव तर केव्हाच पुसले गेलेले असते. म्हणून दुसऱ्याच्या प्रबंधातली प्रश्नावली ही फक्त पत्ता शोधायची खूण समजा. तिथून मूळ शोधनिबंधापर्यंत जायचे आणि काम तिथून सुरू करायचे.

हा लेख एकच उदाहरण धरून चालतो. समजा, समाजकार्याची किंवा नर्सिंगची एक विद्यार्थिनी एका तालुक्यातल्या आशा स्वयंसेविकांना कामाचा किती थकवा येतो, हे मोजणार आहे. इंग्रजीत ज्याला 'बर्नआउट' म्हणतात तो हा थकवा: काम करून करून आतून रिकामे होणे. तिच्यासमोर दोन प्रसिद्ध प्रश्नावल्या आहेत. एक मास्लाक आणि जॅक्सन यांची १९८१ सालची 'मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी'. दुसरी क्रिस्टेनसेन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी २००५ साली 'वर्क अँड स्ट्रेस' या नियतकालिकात मांडलेली 'कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी'.

आधी मालक कोण ते पाहा

विषयाला कोणती प्रश्नावली जास्त जुळते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच बैठकीत मालकी कोणाची हेही पाहून घ्यावे, नाहीतर सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर नव्याने सुरुवात करावी लागते.

मास्लाक यांची प्रश्नावली 'माइंड गार्डन' नावाची कंपनी विकते. तिच्या प्रती मोजून पैसे भरावे लागतात आणि भाषांतर करायचे किंवा शब्द बदलायचे तर वेगळी परवानगी लागते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, प्रबंधाच्या परिशिष्टात पूर्ण प्रश्नावली छापता येत नाही. नमुन्यादाखल मोजके प्रश्न देण्याची मुभा असते, तेवढेच. आपल्याकडे ही अट अनेकांना अडचणीत आणते, कारण पीएचडीचा प्रबंध पुढे 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढतो आणि परिशिष्टासकट जगाला दिसतो. कपाटातल्या एका प्रतीत जे कुणाच्या लक्षात आले नसते, ते आता शोधयंत्रात एका क्षणात सापडते.

कोपनहेगनच्या प्रश्नावलीची गोष्ट वेगळी आहे. ती तयार करणाऱ्यांनी जुन्या प्रश्नावलीवर घेतलेल्या आक्षेपांपैकी एक हाच होता, की ती विकत घ्यावी लागते. त्यांनी आपली प्रश्नावली संशोधकांसाठी मोकळी ठेवली आणि सगळे १९ प्रश्न निबंधातच छापले. विद्यार्थिनीसाठी तिच्यात आणखी एक सोय आहे, पण ती पुढे येईल.

'मोकळी' या शब्दाचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. नैराश्य मोजणाऱ्या 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीबाबत मालकांनी स्पष्ट लिहिले आहे की छापणे, भाषांतर करणे, वाटणे, कशालाच परवानगी नको. दुसरीकडे, काही लेखक फक्त ना-नफा शैक्षणिक वापराला मोकळीक देतात, म्हणजे एखाद्या औषध कंपनीच्या पैशातून अभ्यास होत असेल तर ती लागू होत नाही. आणि काही प्रश्नावल्या निबंधात पूर्ण छापलेल्या असूनही मोकळ्या नसतात. औषधे नियमित घेतली जातात का हे मोजणाऱ्या मॉरिस्की यांच्या आठ प्रश्नांच्या स्केलबाबत असेच झाले. परवाना न घेता ती वापरणाऱ्या संशोधकांकडे पैशांची मागणी झाली आणि काहींना छापून आलेले निबंध मागे घ्यावे लागले. 'सायन्स' मासिकाने २०१७ मध्ये त्यावर लिहिले होते. ती मागणी योग्य होती का यावर खूप वाद आहे. माझ्या मते एवढ्या पैशांची मागणी गरीब देशांतल्या संशोधकांवर अन्यायच आहे. पण निबंध मागे घ्यावा लागला त्या संशोधकाला हा वाद जिंकून काही मिळत नाही.

एक गफलत इथेच दूर करावी. निबंधाचा हक्क बहुतेक वेळा प्रकाशकाकडे असतो आणि प्रश्नावलीचा हक्क लेखकाकडे, संस्थेकडे किंवा कंपनीकडे असू शकतो. म्हणून नियतकालिकाच्या संकेतस्थळावरून निबंधातला तक्ता छापण्याची परवानगी मिळाली, म्हणजे प्रश्नावली वापरण्याची मिळाली असे धरू नका. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही भाषांतर आणि रूपांतर हे मूळ हक्कदाराचेच अधिकार मानतो. त्यात खाजगी वापरासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराची सवलत आहे, पण पूर्ण प्रश्नावली भाषांतरित करून शेकडो लोकांना वाटणे आणि प्रबंधात छापणे त्या सवलतीत बसेलच, असे गृहीत धरून चालू नये.

मराठी आवृत्ती आधीच आहे का?

भाषांतराला बसण्याआधी हे शोधणे राहून जाते. मूळ लेखकाचे किंवा मालक संस्थेचे संकेतस्थळ पाहा, मूळ निबंधाचा संदर्भ देणारे भारतीय निबंध पाहा आणि शोधगंगा चाळा. मराठी आवृत्ती सापडली तर दोन परवानग्या लागू शकतात: मूळ लेखकाची आणि मराठी करणाऱ्याची. सापडलेली आवृत्ती कशी तयार झाली हेही विचारा. मराठी पाठ पुन्हा इंग्रजीत नेऊन मूळाशी ताडणारे उलट भाषांतर झाले होते का? पुण्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांवर तपासलेली भाषा गडचिरोलीतल्या आशाताईंना तशीच कळेल, असे नाही.

परवानगीचे पत्र

मोकळ्या प्रश्नावलीसाठीही पत्र लिहावे असे मी सांगतो. कारण साधे आहे: एथिक्स कमिटी आणि पुढे नियतकालिकाचे संपादक कागद मागतात आणि 'इंटरनेटवर मोकळी आहे असे वाचले' हा कागद नसतो. परवानगी नको असे मालकाने स्वतःच लिहून ठेवले असेल, तर त्या पानाची तारखेसकट पीडीएफ काढून ठेवा. ती पुरते.

पत्र ईमेलने, इंग्रजीत आणि एका पानात. पत्ता निबंधातल्या पत्रव्यवहारासाठीच्या लेखकाचा. निबंध जुना असेल तर तो बंद पडलेला असू शकतो. मग लेखकाच्या सध्याच्या संस्थेचे पान किंवा सहलेखक. 'तुमची प्रश्नावली वापरू का?' एवढेच विचारले तर उत्तरही 'हो' एवढेच येते आणि त्या 'हो'मध्ये काय काय बसते हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आपल्या विद्यार्थिनीच्या पत्राचा आशय साधारण असा असावा:

"मी अमुक विद्यापीठात पदव्युत्तर पदवीसाठी आशा स्वयंसेविकांच्या कामाच्या थकव्याचा अभ्यास करते आहे. अभ्यासाला कोणाचाही निधी नाही. आपली २००५ सालची १९ प्रश्नांची प्रश्नावली, तिचे तिन्ही भाग, वापरण्याची परवानगी हवी आहे. मला पुढील बदल करायचे आहेत. एक, मराठी भाषांतर. दोन, 'क्लायंट' या शब्दाच्या जागी गावातल्या ज्या माता आणि कुटुंबांसाठी आशा काम करतात त्यांचा उल्लेख. तीन, कामाच्या तासांबद्दलच्या एका प्रश्नाची रचना आशांच्या कामाला जुळवून घेणे. प्रश्नांची संख्या, उत्तरांचे पर्याय आणि गुणांकन बदलणार नाही. प्रश्नावली छापील स्वरूपात सुमारे २०० जणींना दिली जाईल. पूर्ण मराठी आवृत्ती प्रबंधाच्या परिशिष्टात छापण्याची आणि निष्कर्ष शोधनिबंधात प्रसिद्ध करण्याचीही परवानगी हवी आहे. श्रेय कोणत्या शब्दांत द्यावे, हे आपण सुचवावे. मराठी आवृत्ती तयार झाल्यावर आपल्याला पाठवेन."

यातले प्रत्येक वाक्य पुढे कधीतरी कामाला येते. निधीचा उल्लेख नसेल तर व्यावसायिक वापराची शंका येते. परिशिष्टाचा उल्लेख राहिला तर प्रबंध बांधायच्या आठवड्यात पुन्हा पत्र लिहावे लागते. गुगल फॉर्म वापरायचा असेल तर तेही लिहा, कारण लिंक असलेल्या कोणालाही तो उघडता येतो आणि परवान्याच्या प्रश्नावल्यांचे मालक यावर अटी घालतात.

दोन-तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा, मग सहलेखकांना लिहा. तरीही उत्तर नाही? गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. मालकी मोकळी असल्याची लेखी खूण कुठे सापडत नसेल, तर दुसरी प्रश्नावली निवडा. म्हणूनच हे पत्र सिनॉप्सिस लिहितानाच जायला हवे, माहिती गोळा करायच्या तोंडावर नव्हे. आलेले उत्तर मूळ ईमेलसकट पीडीएफ करून ठेवा. ते परिशिष्टात जाईल, पण छापताना ईमेल पत्ते आणि फोन नंबर झाका.

किती बदल चालतो

कोपनहेगनच्या प्रश्नावलीचे तीन भाग आहेत. पहिल्यात सहा प्रश्न व्यक्तीच्या एकूण थकव्याचे, दुसऱ्यात सात प्रश्न कामामुळे येणाऱ्या थकव्याचे आणि तिसऱ्यात सहा प्रश्न ज्यांच्यासाठी काम करतो त्या लोकांमुळे येणाऱ्या थकव्याचे. तिसऱ्या भागात 'क्लायंट' असा शब्द आहे आणि तो त्या त्या कामाप्रमाणे बदलावा, ही मूळ लेखकांचीच योजना आहे: परिचारिकेला रुग्ण, शिक्षकाला विद्यार्थी, तुरुंगातल्या कर्मचाऱ्याला कैदी. वर म्हटलेली सोय ती हीच. जो बदल लेखकाने स्वतःच अपेक्षिला आहे, तो केल्याने प्रश्नावली बिघडत नाही.

आशांसाठी पहिला शब्द सुचतो तो 'लाभार्थी'. आरोग्य खात्याच्या कागदांत तोच असतो. पण 'लाभार्थींसोबत काम करताना तुमची शक्ती खर्ची पडते का?' असे विचारल्यावर काही जणींच्या डोळ्यांसमोर फक्त एखाद्या योजनेचे पैसे मिळणाऱ्या बायका येऊ शकतात. मग प्रश्नाचा आवाका आपोआप लहान होतो. त्यापेक्षा तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक वाक्य द्यावे: 'पुढच्या प्रश्नांत "गावातले लोक" म्हणजे तुम्ही ज्यांच्या घरी भेट देता त्या गरोदर माता, बाळंतिणी, लहान मुलांच्या आया आणि त्यांच्या घरची माणसे.' आणि पुढे सगळीकडे तोच शब्द ठेवावा. एका प्रश्नात 'लाभार्थी', दुसऱ्यात 'महिला', तिसऱ्यात 'पेशंट' असे झाले तर सहाही प्रश्न वेगवेगळ्या माणसांबद्दल होतात.

दुसऱ्या भागातला एक प्रश्न कामाचा प्रत्येक तास थकवणारा वाटतो का, असे विचारतो. आशांच्या कामाला ठरलेली वेळ नसते. दुपारी सर्व्हे, रात्री दोनला बाळंतपणासाठी गाडी. इथे मोह होतो तो प्रश्नच काढून टाकायचा. काढू नका. सातच्या जागी सहा प्रश्न झाले तर त्या भागाची सरासरी दुसऱ्या कुठल्याही अभ्यासाशी सरळ ताडून पाहता येत नाही. 'आशाचे काम करताना जातो तो प्रत्येक तास' अशी रचना केली की मूळ अर्थ राहतो आणि प्रश्नही टिकतो.

तसाच दुसरा मोह उत्तरांच्या पर्यायांचा. काही प्रश्नांना 'नेहमी' पासून 'कधीच नाही किंवा क्वचितच' असे, तर काहींना 'फार मोठ्या प्रमाणात' पासून 'अगदी कमी प्रमाणात' असे पाच पर्याय आहेत. त्यांना १००, ७५, ५०, २५ आणि ० असे गुण मिळतात. पाच पर्याय वाचायला जड जातात म्हणून तीन केले तर गुण १००, ५० आणि ० उरतात. समजा, एकीने पहिल्या भागातल्या सहा प्रश्नांना १००, ७५, ५०, ५०, २५ आणि ७५ गुणांची उत्तरे दिली. बेरीज ३७५, सरासरी ६२.५. तिलाच तीन पर्याय दिले असते तर ७५ आणि २५ वाली तीन उत्तरे कुठे सरकली असती, हे सांगता येत नाही. अनेक अभ्यासांत ५० आणि त्यापुढच्या सरासरीला लक्षणीय थकवा मानतात. ती सीमारेषा मग तुमच्या आकड्यांना लावता येणार नाही. पर्याय जड जात असतील तर प्रश्न वाचून दाखवा, पर्यायांचे मोठ्या अक्षरातले कार्ड हातात द्या, पण पाच पाचच राहू द्या. आणि वाचून दाखवले हेही प्रबंधात लिहा.

आधीच परवानगी घेतलेल्या बदलांपलीकडे काही बदलावेसे वाटले, तर पुन्हा विचारावे लागते. पूर्ण वेगळी प्रश्नावली हवी असेल तर तसे सरळ म्हणा. दोनचार प्रश्न उचलून त्याला मूळ नाव देणे हा सगळ्यात वाईट मार्ग.

मराठी करताना

रूढ पद्धत अशी. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे: एक विषय जाणणारा, दुसरा विषयाशी संबंध नसलेला. दोन्ही समोर ठेवून एक पाठ ठरवायचा. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाने तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा आणि मूळाशी ताडून पाहायचे. फरक दिसला म्हणजे मराठी चूकच, असे नाही. कधी उलट भाषांतर करणाऱ्याचीच गल्लत असते. शेवटी गाईड, भाषांतर करणारे आणि आशांच्या कामावर प्रत्यक्ष क्षेत्रात देखरेख करणारी एखादी गटप्रवर्तक यांनी एकत्र बसून अंतिम पाठ ठरवायचा. गटप्रवर्तकाला बोलवाच, कारण कागदी मराठी ती पहिल्या वाचनात पकडते.

मग ३० ते ४० जणींवर चाचणी. त्या मुख्य अभ्यासात नसाव्यात. नुसती भरून घेऊ नका. भरून झाल्यावर विचारा, 'हा प्रश्न तुम्हाला काय विचारतो असे वाटले?' उत्तर प्रश्नाच्या अर्थाशी जुळले नाही, तर शब्द बदलायचे. अंतिम मराठी पाठ एथिक्स कमिटीकडे जातो. मंजुरीनंतर एखादा शब्द बदलला तरी तो त्यांना कळवावा लागतो. त्यामुळे ही चाचणी कमिटीच्या परवानगीत आधीच समाविष्ट करून घ्या.

दुसऱ्या भागातला शेवटचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रिकाम्या वेळात घरच्यांसाठी आणि मित्रमंडळींसाठी पुरेशी शक्ती उरते का, असे तो विचारतो. 'नेहमी उरते' म्हणजे थकवा कमी. म्हणून याचे गुण उलटे धरायचे: 'नेहमी' ला ०, 'कधीच नाही' ला १००. हे विसरले तर विश्वसनीयता तपासताना लगेच दिसते. एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रोनबाख अल्फा तिन्ही भागांसाठी वेगवेगळा काढा; मूळ अभ्यासात तो तिन्ही भागांना ०.८५ ते ०.८७ होता. तुमचा दुसऱ्या भागाचा अल्फा बराच खाली आला आणि या एका प्रश्नाचा बाकीच्यांशी सहसंबंध ऋण निघाला, तर आधी गुण उलटले का ते पाहा. उलटूनही ऋणच असेल, तर प्रश्न उलट अर्थाचा आहे हे बायकांच्या लक्षात आले नाही किंवा 'रिकामा वेळ' हीच त्यांच्यासाठी अनोळखी गोष्ट आहे. मग तो प्रश्न गुपचूप गाळायचा नाही. त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय असे दोन्ही अल्फा द्या आणि कारण लिहा.

श्रेय कुठे आणि कोणत्या शब्दांत

संदर्भसूचीत मूळ निबंध टाकला की काम झाले असे अनेकांना वाटते. पण वाचणाऱ्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या कळायला हव्यात: प्रश्नावली कोणाची, परवानगी कोणाची आणि बदल कोणाचे. अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात असे लिहिता येईल:

"कामाचा थकवा मोजण्यासाठी क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांची (२००५) कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी लेखकांच्या परवानगीने वापरली. मराठी भाषांतर प्रस्तुत संशोधिकेने इतर भाषांतरकारांच्या मदतीने केले. तिसऱ्या भागातील 'क्लायंट' या शब्दाऐवजी 'गावातले लोक' असा शब्द ठेवला आणि दुसऱ्या भागातील एका प्रश्नाची रचना आशांच्या कामानुसार बदलली. प्रश्नांची संख्या, उत्तरांचे पर्याय व गुणांकन मूळाप्रमाणेच आहे."

परिशिष्टात मराठी प्रश्नावलीच्या डोक्यावर मूळ नाव, लेखक आणि वर्ष यावे, खाली 'मराठी आवृत्ती' आणि तुमचे नाव. 'संशोधकनिर्मित प्रश्नावली' हे शब्द कुठेही नकोत. गाईडच्या टेम्प्लेटमध्ये ते आधीपासून छापलेले असतात आणि तसेच राहून जातात. मालकाने श्रेयाचे वाक्य स्वतः दिले असेल तर तेच अक्षरशः वापरा, आपल्या शैलीत सुधारू नका. सोबत तीन रकान्यांचा तक्ता द्या: मूळ प्रश्नाचा क्रमांक, केलेला बदल, कारण. यात पूर्ण प्रश्न लिहावे लागत नाहीत, त्यामुळे परवान्याच्या प्रश्नावलीलाही हा तक्ता चालतो.

प्रबंध मान्य झाल्यावर लेखकाला कबूल केल्याप्रमाणे मराठी प्रत पाठवा. पुढे एखादी विद्यार्थिनी 'तुमची मराठी प्रश्नावली वापरू का?' असे विचारत आली, तर तुम्ही फक्त तुमच्या भाषांतरापुरते 'हो' म्हणू शकता. तिला मूळ लेखकाकडेही पाठवा आणि बदलांचा तो तक्ता तिच्या हाती द्या, म्हणजे तुमचे कोणते शब्द आणि कोपनहेगनचे कोणते, हे तिला कळेल.